नाटकाच्या संस्थेचं नाव, दोन्ही लिप्यांत

आमचा नाटकाचा गट बरीच वर्षं नावाशिवायच चालला. गणपतीत एखाद्या मंडळाच्या मांडवात एकांकिका व्हायची, कधी कुणाच्या ऑफिसच्या कार्यक्रमात, आणि पत्रिकेवर नाव त्या मंडळाचं नाहीतर ऑफिसचं. यंदा मात्र दोन अंकी नाटक सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात तिकीट लावून करायचं ठरलं आणि पुढे राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं ठरलं. स्पर्धेसाठी नोंदणीकृत संस्था लागते. नोंदणीसाठी निदान सात सभासद, घटना, ठराव हे सगळं लागतं, आणि या सगळ्याच्या आधी लागतं नाव.

कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बँकेत आहे. नावाच्या स्पेलिंगमुळे लोकांचे किती हाल होतात ते मी रोज काउंटरवर बघते. पॅन कार्डावर एक स्पेलिंग, ठरावावर दुसरं आणि चेकवर तिसरं असलं की पैसे अडकतात. मग शपथपत्र, दुरुस्ती, पुन्हा फेरी. म्हणून पहिल्याच बैठकीत मी एक अट घातली. जे नाव ठेवू ते ऐकणाऱ्याला न विचारता मराठीत लिहिता आलं पाहिजे आणि न विचारता इंग्रजी अक्षरांतही लिहिता आलं पाहिजे. दोन्हीकडे एकच रूप निघालं पाहिजे.

काहींना ही अट कारकुनी वाटली. पण संस्थेचं नाव कुठे कुठे जातं ते मोजून बघा. धर्मादाय कार्यालयातली घटना आणि ठराव मराठीत. नाट्यगृहाच्या बुकिंगचा अर्ज मराठीत. पेपरमधली बातमी, चौकातला फ्लेक्स, तिकीट, सगळं मराठीत. पण पॅन इंग्रजी अक्षरांत, खातं इंग्रजीत, यूपीआय इंग्रजीत, ईमेल आणि इन्स्टाग्रामचं नावही इंग्रजी अक्षरांत. प्रेक्षक फ्लेक्सवर नाव मराठीत वाचतो आणि घरी जाऊन मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत शोधतो. या दोन ठिकाणांच्या मध्ये नाव बदललं तर तो प्रेक्षक आपल्यापर्यंत पोचत नाही.

आणि सोलापुरात तर हे जास्तच. गावाचंच नाव इंग्रजांच्या काळात Sholapur लिहायचे, आता Solapur. ज्या नाट्यगृहात आम्ही प्रयोग करणार तेही कुठे Smruti लिहिलेलं दिसतं, कुठे Smriti. मराठी माणूस ऋकार ‘रु’सारखा म्हणतो, हिंदी माणूस ‘रि’सारखा, त्यामुळे दोन्ही आपापल्या जागी बरोबरच आहेत.

तालमी नानांच्या गच्चीवर होतात, जुळे सोलापूरला. तालीम संपल्यावर तिथेच नावांच्या याद्या निघाल्या. दिग्दर्शकाने ‘ऋतुरंग’ सुचवलं. वर सांगितलेल्या कारणानेच ते गेलं; Rutu की Ritu यावर तिथल्या तिथे दोन तट पडले. ज्ञ असलेली नावंही अशीच गेली, कारण मराठीत dnya आणि हिंदीत gya. ळ असलेलं कुठलंच नाव ठेवायचं नाही हे ठरायलाही वेळ लागला नाही. इंग्रजी अक्षरांत ळ लिहायची सोयच नाही. ‘खेळ’ लिहिलं तर Khel, आणि तो परत वाचताना ‘खेल’ होतो.

उरलेल्या नावांसाठी मी एक साधी चाचणी काढली. ती दोन्ही बाजूंनी घ्यायची. आधी एखाद्याला फोन करायचा, नाव एकदाच म्हणायचं आणि सांगायचं, “हे मला इंग्रजी अक्षरांत मेसेज कर.” मग दुसऱ्याच कुणाला तरी ते इंग्रजी अक्षरांतलं नाव नुसतं पाठवायचं आणि सांगायचं, “हे मराठीत लिहून पाठव.” माणसं मात्र सगळ्या तऱ्हेची निवडायची. आमच्यात मराठी माध्यमातले होते, इंग्रजी शाळेतली भाचरं होती, घरी तेलुगू बोलणारे होते, एकीच्या घरी कन्नड होतं. छापखान्यातल्या टायपिंग करणाऱ्या मुलालाही घेतलं, कारण शेवटी नाव त्याच्याच हातून छापलं जाणार.

‘संवाद’ या नावावर आमच्यातल्या बऱ्याच जणांचा जीव होता. अर्थ चांगला, नाटकाशी थेट नातं, म्हणायला सोपं. चाचणीत त्याची चार स्पेलिंगं आली: Samvad, Sanvad, Samwad, Sanwad. यातलं कुणीच चुकलं नव्हतं. अनुस्वार व्याकरणाने म लिहावा की कानाला ऐकू येतो तसा न, हा एक प्रश्न. व साठी v की w, हा दुसरा. दोन प्रश्नांची दोन-दोन उत्तरं, म्हणून चार. शिवाय आ साठी a की aa हा प्रश्न कुणाला पडला असता तर आठ झाली असती. त्या दिवसापासून मी नावात अशा किती जागा आहेत ते मोजायला लागले. लिहिणाऱ्याला दोनातून निवड करावी लागेल अशी एकेक जागा वाढली की स्पेलिंगं दुप्पट होतात. चांगल्या नावात अशी जागा एकही नसावी, फार तर एक.

‘नांदी’ची गोष्ट वेगळी. लिहायला काहीच अडचण नाही, सगळ्यांनी एकमुखाने Nandi लिहिलं. पण उलट चाचणीत जवळजवळ सगळ्यांनी ‘नंदी’ लिहून पाठवलं. त्यात आपलं गाव सिद्धेश्वराचं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वज निघतात, ते बघायला सारं गाव रस्त्यावर येतं. सोलापूरकराच्या डोळ्यांना Nandi म्हणजे नंदीच दिसणार. नानांच्या बहिणीने, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, वहीवर ते नाव बघितलं आणि सरळ विचारलं, “गड्ड्याचं मंडळ काढायलाव का रे?” तिथे ते नाव संपलं. इंग्रजी अक्षरांत अ आणि आ एकच a होतात. म्हणून ज्या शब्दात आ चा अ केला की दुसराच ओळखीचा शब्द तयार होतो, तो शब्द नावासाठी धोक्याचा.

याच कारणाने ‘माग’ गेलं. यंत्रमागाच्या गावात नाटकवाल्यांनी ते नाव घ्यावं असं मला फार वाटत होतं. आमच्यातल्या दोघांचे वडील मागावर होते. पण Mag असं लिहून पाठवलं तर कुणी ‘मॅग’ वाचलं, कुणी ‘मग’. ‘सोंग’ लिहिलं की इंग्रजी Song. ‘हौस’ तर हौशी नाटकवाल्यांसाठी सगळ्यात नेमकं नाव, पण ते कुणी Haus लिहिलं, कुणी Hous, आणि एका भाच्याने House. इंग्रजी शाळेतल्या मुलांची परीक्षा इथे कामाला येते. त्यांना इंग्रजीत ओळखीचा शब्द दिसला की ते तोच वाचतात, आणि त्यात गैर काही नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला ‘तालीम’वर. नाटकवाल्याच्या तोंडी दिवसातून दहादा येणारा शब्द. सोलापुरात पैलवानांच्या तालमी आहेत, त्यामुळे गावाला जवळचाही. अर्थ दुहेरी असला तरी तो मला दोष वाटत नव्हता. मराठी माध्यमातल्यांनी लिहिलं Talim, काहींनी Taleem. आणि आमच्या नाटकातल्या नायिकेने, जी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातली आहे, तिच्या घरून आलं Thaleem. तिने मला समजावून सांगितलं ते मी कधीच विसरणार नाही. तेलुगूत आणि कन्नडातही इंग्रजी अक्षरांत लिहिताना त साठी th वापरायची रीत आहे, म्हणजे t हे अक्षर ट साठी मोकळं राहतं. म्हणून त्यांच्याकडे Latha, Geetha. मराठी शाळेत गेल्यावर बाई Lata लिहायच्या, घरच्या कागदांवर Latha असायचं. ती म्हणाली, “ताई, आमच्यातल्या निम्म्या लोकांचे दाखले यातच अडकलेत.” मला बँकेत दिसणाऱ्या कितीतरी नावांचा उलगडा त्या एका वाक्यात झाला.

पुण्यातल्या संस्थेला कदाचित याचा विचार करावा लागणार नाही. सोलापुरात मराठी नाटकाला येणाऱ्या प्रेक्षकांत तेलुगू आणि कन्नड घरांतली माणसं मोठ्या संख्येने आहेत, आमच्या गटातही आहेत. त्यांच्या हाताला जे स्पेलिंग सहज येतं ते चूक ठरवणारं नाव आम्हाला नको होतं. तेव्हा त, थ, द, ध ही सगळी अक्षरं शक्यतो टाळायची असं ठरलं. दिग्दर्शकाने थोडा वेळ ‘तालीम’साठी भांडून पाहिलं, पण Thaleem बघितल्यावर तोही गप्प झाला.

आता मराठी बाजूचंही सांगते, कारण सगळा दोष इंग्रजी अक्षरांचा नाही. ‘भूमिका’ हे नाव आपल्याच लोकांनी ‘भुमिका’, ‘भूमीका’ असं लिहून पाठवलं. मराठीत शब्दाच्या शेवटचे इ-उ दीर्घ लिहायचे हे बहुतेकांच्या हाताला बसलेलं असतं, गोंधळ होतो तो मधल्या इकार-उकारांचा. आणि पहिल्या वेलांटीला आणखी एक शाप आहे. छापखान्यांत अजून जुने, युनिकोड नसलेले फाँट चालतात. आपण मोबाइलवरून पाठवलेला मजकूर तिथल्या मुलाने तसाच चिकटवला की पहिली वेलांटी जागा सोडते. ‘अभिनय’ असलेल्या एका नावाचा नमुना त्याने काढून दाखवला तर कागदावर ‘अभनिय’ आलं होतं. मुलगा म्हणाला, “रोजचं आहे मॅडम, बघून दुरुस्त करतो.” पण ज्या दिवशी घाईत बघायचं राहील त्या दिवशी तो फ्लेक्स चौकात लागेल.

म्हणजे नावात ऋ, ज्ञ, ळ नको. अनुस्वार आणि व नको. त आणि द चा गट नको. मधला इकार-उकार नको, पहिली वेलांटी तर नकोच. आ असला तर तो अ केल्यावर दुसरा शब्द होता कामा नये. एवढी चाळण लावल्यावर शब्द उरतील का अशी शंका होती. उरतात. ओ आणि ए हे स्वर मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या भानगडीत नाहीत. ओ ला o, ए ला e. क, ग, न, प, ब, म, र, ल, स ही व्यंजनं दोन्हीकडे सरळ चालतात. या अक्षरांतून शोधायला बसलो की बरेच शब्द दिसायला लागतात.

प्रकाशयोजना करणारा आमचा मुलगा फारसा बोलत नाही. तो एका तालमीनंतर म्हणाला, “समोर.” मग म्हणाला, “मी लाइट टाकतो तेव्हा एवढंच बघतो, समोर कोण आहे. नाटक म्हणजे कुणीतरी कुणाच्या तरी समोर उभं राहणं.” गच्चीवर कुणी काही बोललं नाही. मी लगेच फोन काढून चाचणी सुरू केली. Samor. भाच्याने Samor लिहिलं, छापखान्यातल्या मुलाने Samor लिहिलं, नायिकेच्या आईने Samor लिहिलं. उलट पाठवलं तर सगळ्यांकडून ‘समोर’ परत आलं. मोबाइलच्या कीबोर्डवर samor टाइप केलं की पहिल्याच पर्यायात ‘समोर’ येतं. जोडाक्षर नाही, अनुस्वार नाही, वेलांटी नाही, काना फक्त ओ चा.

नाव जमलं असं वाटत असतानाच अक्कांनी खोडा घातला, आणि फार योग्य घातला. त्यांनी वहीत जाहिरातीचा मजकूर लिहून बघितला: ‘समोर, हुतात्मा स्मृती मंदिर, सोलापूर’. म्हणाल्या, “हा पत्ता झाला की ओ. लोक हुतात्माच्या समोर शोधत बसतील.” खरंच होतं. वरच्या ओळीत संस्थेचं नाव आणि खाली स्थळ, अशी मांडणी प्रत्येक तिकिटावर असते. रस्त्यावरून जाणाऱ्याने ते पत्ता म्हणूनच वाचलं असतं. एकट्या शब्दाची चाचणी घेऊन भागत नाही, तो जिथे छापला जाणार त्या ओळीत ठेवून वाचावा लागतो. हे माझ्या चाचणीत नव्हतं, ते अक्कांनी शिकवलं.

मग त्याला जोडशब्द हवा झाला. इथे पुन्हा सगळी चाळण. ‘नाट्यसंस्था’ म्हणजे Natya की Naatya, Sanstha की Samstha. ‘मंच’ला Manch की Munch. ‘थिएटर’ला Theatre की Theater. ‘नाटक मंडळी’त ळ. नानांनी विचारलं, “आपण करतो काय? नाटक. मग नुसतं नाटक म्हणा की.” ‘समोर नाटक’. Samor Natak. नाटकला काही जण Naatak लिहितील अशी भीती होती, पण तसं फार कमी जणांनी लिहिलं. Natak ही स्पेलिंग इतकी रुळलेली आहे की हात आपोआप तिकडे जातो. तेलुगू-कन्नड घरांतही अडचण नाही, कारण इथे ट आहे आणि ट साठी तेही t च लिहितात. जाहिरातीच्या ओळीत ठेवून बघितलं: ‘समोर नाटक, सोलापूर’ वर, ‘हुतात्मा स्मृती मंदिर’ खाली. पत्ता वाटला नाही.

एक गोष्ट मात्र मी शेवटी काढली, कारण बातम्या लिहिताना ती हमखास येते. मराठीत नावाला प्रत्यय लागला की नाव बदलतं. ‘पडदा’ नाव असतं तर बातमीत ‘पडद्याचा प्रयोग’ झालं असतं आणि फ्लेक्सवर ‘पडदा’. वाचणाऱ्याला एकच संस्था आहे हे कळायला क्षणभर लागतं. ‘समोर नाटक’ला ‘चा’ लावला तर व्याकरणाने ‘समोर नाटकाचा’ होईल. आम्ही ठरवलं की संस्थेचं नाव अवतरणचिन्हांत लिहायचं आणि प्रत्यय बाहेर लावायचा: ‘समोर नाटक’चा प्रयोग, ‘समोर नाटक’तर्फे. आत काही हलवायचं नाही. पेपरला बातमी पाठवतानाच तसं लिहून पाठवायचं, म्हणजे तिथेही तसंच छापून येण्याची शक्यता वाढते.

नाव दुसऱ्या कुणाचं आहे का ते बघणं हे वेगळं काम. नोंदणी करताना आधीच असलेल्या संस्थेशी मिळतंजुळतं नाव चालत नाही, म्हणून अर्जासाठी आणखी दोन पर्याय हाताशी ठेवले, तेही चाळणीतून काढलेलेच. शोध दोन्ही लिप्यांत घेतला. मराठीत शोधलं की एक यादी येते, इंग्रजी अक्षरांत शोधलं की वेगळीच, आणि दोन्हींत आपल्या वाटेत येणारं काही नाही ना ते बघावं लागतं. नुसतं ‘समोर’ शोधलं तर ‘बसस्थानकासमोर’, ‘शाळेसमोर’ अशा पत्त्यांचा ढीग येतो, म्हणजे अक्कांचीच अडचण तिथेही होती. ‘समोर नाटक’ म्हटलं की तो ढीग बराच ओसरतो. इन्स्टाग्रामला मधली मोकळी जागा चालत नाही, म्हणून तिथे सलग samornatak लिहून बघितलं. सलग लिहिल्यावर शब्द भलत्याच ठिकाणी तुटून वेगळं काही वाचलं जात नाही ना, हे मोठ्याने वाचून घेतलं. सगळीकडे तेच नाव मिळावं म्हणून ईमेल आणि इन्स्टाग्राम एकाच बैठकीत उघडली.

ठरावात मी नाव दोन्ही लिप्यांत लिहून घेतलं, म्हणजे ‘संस्थेचे नाव समोर नाटक, इंग्रजी लिपीत Samor Natak, दोन स्वतंत्र शब्द’ असं स्पष्ट वाक्य. त्यावर सभासदांच्या सह्या. हे वाक्य बहुतेक संस्था घालत नाहीत आणि मग पॅनच्या अर्जात भरणारा माणूस त्याला सुचेल ते स्पेलिंग घालतो. पॅनवर जे येतं तेच बँकेत येतं, आणि तिथून पुढे ते बदलायचं म्हणजे प्रत्येक कार्यालयाची वेगळी फेरी. एका ओळीने ते टळतं. दोन स्वतंत्र शब्द हेही लिहायला हवं, कारण Samornatak असं सलग नाव एका कागदावर आणि तोडून दुसऱ्यावर, यानेही खातं उघडताना प्रश्न विचारले जातात.

छापखान्यातल्या मुलाकडून नावाची अक्षरं एकदा नीट लावून घेतली आणि ती कर्व्हमध्ये बदलून फाइल घेतली. कर्व्ह केलं की ती अक्षरं राहत नाहीत, चित्र होतात, मग कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे कुठलाही फाँट असो, नाव हलत नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं एकाच फाइलमध्ये आहेत. ती फाइल गटातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आहे, आणि छपाईला देताना नाव टाइप करायचं नाही, हीच फाइल द्यायची, असं ठरलंय. नोंदणीचा अर्ज दिला आहे. नाट्यगृहाच्या तारखेसाठीचा अर्ज नाना स्वतः भरताहेत, आणि संस्थेच्या नावाच्या रकान्यात काय लिहायचं हे त्यांना आता कुणाला विचारावं लागत नाही.